पियानो ट्यूनिंग (घरगुती)

हवामानामुळे सरकलेले पियानोच्या तारांचे स्वर ठरलेल्या कंपनसंख्येवर परत आणण्याची क्रिया.

यात दोष तारांचा कमी, लाकडाचा जास्त. तारांखालचा स्प्रूस लाकडाचा ध्वनिफलक (→ ध्वनिफलक) दमट हवेत फुगतो, घोडीला वर रेटतो; ताण वाढून स्वर चढतो. कोरड्या हवेत तो उतरतो. मुंबईत पावसाळ्यात चढलेले स्वर हिवाळ्यात खाली येतात, आणि बदल मधल्या सप्तकांत आधी जाणवतो. सगळ्या तारा सारख्या सरकत नसल्याने एकाच स्वराच्या तीन तारांत लहरी (→ विस्पंद) ऐकू येतात.

मधला ‘ए’ सहसा ४४० हर्ट्झला लावतात. ट्यूनिंग वर्षातून किमान दोनदा, ऋतू बदलून हवा स्थिरावल्यावर करतात. नव्या पियानोला पहिल्या वर्षी साधारण चारदा लागते.