पाळीपूर्वी स्तन दुखणे आणि स्तनातील गाठ : फरक कसा ओळखावा?

मासिक पाळीच्या आधी काही दिवस स्तन जड वाटणे, ठणकणे, स्पर्शही नकोसा होणे हा अनेक स्त्रियांचा दर महिन्याचा अनुभव असतो. या काळात हाताला काही टणक लागले की कर्करोगाची भीती मनात येते. उलट, न दुखणारी गाठ ‘त्रास नाही’ म्हणून दुर्लक्षिली जाते. वस्तुतः केवळ वेदना हे कर्करोगाचे लक्षण क्वचितच असते आणि कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. त्यामुळे दुखते की नाही, यापेक्षा पाळी गेल्यावर काय उरते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

दुखण्याचे कारण

२८ दिवसांच्या चक्रात साधारण चौदाव्या दिवशी स्त्रीबीज बाहेर पडते. त्यानंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांच्या प्रभावाने स्तनांतील दुग्धग्रंथी व नलिका किंचित फुगतात, ऊतींत पाणी साठते आणि ताण निर्माण होतो. हे दुखणे बहुधा दोन्ही बाजूंना असते. स्तनाच्या वरच्या, काखेकडील भागात ते अधिक जाणवते आणि कधी काखेपर्यंत पसरते. पाळी सुरू झाल्यावर संप्रेरकांची पातळी उतरलेली असल्याने ते ओसरते. गर्भाशय काढले, पण बीजांडकोश शाबूत असले, तर रक्तस्राव नसूनही हे चक्र चालूच राहते. पाळी चुकली आणि दुखणे कायम राहिले, तर गर्भधारणेची चाचणी करून घ्यावी.

दोन महिन्यांची नोंद

कॅलेंडरवर रोज ० ते १० असे गुण देऊन दुखण्याची नोंद ठेवावी. पाळीचा पहिला दिवस हाच चक्राचा पहिला दिवस मानावा. समजा, ३६ वर्षांच्या एका स्त्रीच्या नोंदीत विसाव्या दिवशी ३, सत्ताविसाव्या दिवशी ७, पाळीच्या तिसऱ्या दिवशी १ आणि पाचव्या दिवसापासून ० असे आकडे आले. पुढच्या महिन्यातही तोच क्रम राहिला. हे दुखणे चक्राशी बांधलेले आहे, असे यावरून समजते.

याच स्त्रीला चोविसाव्या दिवशी दोन्ही स्तन गाठाळ लागले होते. त्या वेळी काढलेला निष्कर्ष फसवा असतो. स्तन सर्वांत मऊ असतात ते पाळी संपल्यानंतरच्या काही दिवसांत, म्हणून तपासणी तेव्हाच करावी. तीन बोटांच्या पेरांचा सपाट भाग छातीवर टेकवून गोलाकार फिरवावा. चिमटीत धरल्यास निरोगी ऊतीही गाठीसारखी लागते. नवव्या दिवशी तपासल्यावर बाकीचा गाठाळपणा गेला होता. डाव्या स्तनात मात्र वाटाण्याएवढी, न दुखणारी गाठ तशीच होती. दुखण्याचा उलगडा झाला म्हणून या गाठीचाही झाला, असे मानता येत नाही. पाळी गेल्यावरही टिकणारी गाठ डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

पाळीची वाट पाहू नये अशी लक्षणेही आहेत. दगडासारखी कठीण किंवा जागची न हलणारी गाठ, त्वचेवर खळी वा संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा, नव्याने आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून आपोआप येणारा रक्तमिश्रित स्राव, काखेतील गाठ, एकाच ठरावीक जागी सतत राहणारे दुखणे ही ती लक्षणे होत. रजोनिवृत्तीनंतर आढळलेली कोणतीही नवी गाठ याच यादीत येते.

तपासणीत काय होते?

स्तनातील गाठ सामान्यतः शल्यचिकित्सा विभागात तपासतात. गोव्यात बांबोळीच्या गोमेकॉ इस्पितळात हा विभाग आहे. डॉक्टर प्रथम हाताने तपासतात. तरुण स्त्रियांची स्तनऊती दाट असते व मॅमोग्राफीत ती गाठीप्रमाणेच पांढरी दिसते, म्हणून त्यांच्यात आधी सोनोग्राफी केली जाते. साधारण चाळिशीनंतर मॅमोग्राफीही करतात. गाठ म्हणजे केवळ पाण्याने भरलेली साधी पिशवी निघाली, तर बहुधा उपचार लागत नाहीत. गाठ घन असल्यास गरजेनुसार जाड सुईने तुकडा काढून तपासला जातो. सुई लावल्याने कर्करोग पसरतो, ही समजूत निराधार आहे.

चक्राशी निगडित दुखण्यावर नीट मापाची, आधार देणारी ब्रा हा पहिला उपाय होय. रात्रीही ती सैलसर वापरता येते. दुखऱ्या दिवसांत पॅरासिटामॉल किंवा डायक्लोफिनॅकचे मलम वैद्यकीय सल्ल्याने घेता येते. गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यानंतर त्रास वाढला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. दोन महिन्यांची नोंद सोबत नेल्यास निदानाला मोठी मदत होते.