छप्पर, चूल आणि वावर : वऱ्हाडातील स्थलांतर व एकत्र कुटुंबाच्या अभ्यासाचा एक आराखडा

खेड्यातून शहराकडे होणाऱ्या स्थलांतरामुळे एकत्र कुटुंब मोडते, हे विधान इतक्या वेळा केले गेले आहे की ते तपासून पाहण्याची निकड कोणास भासत नाही. अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांपुरता विचार केला तरी या विधानातील 'मोडते' या क्रियापदाचा अर्थ काय, हाच पहिला प्रश्न उपस्थित होतो. एकत्र कुटुंबात तीन गोष्टी सामाईक असतात : राहण्याचे छप्पर, स्वयंपाकाची चूल आणि कसण्याचे वावर. या तिन्हींच्या तुटण्याला लोकभाषेने निरनिराळी नावे दिलेली आहेत. शहरात जाऊन राहणारा 'बिऱ्हाड करतो', चूल वेगळी मांडणारा 'वेगळा निघतो', आणि जमीन वाटली गेली म्हणजे 'हिस्से पडतात'. भाषा जो भेद पाळते तो अभ्यासकांनी बहुधा पाळलेला नाही. या तीन गोष्टी कोणत्या क्रमाने तुटतात, आणि एक तुटल्यानंतर दुसरी तुटेपर्यंत किती काळ जातो, हा प्रस्तुत आराखड्याचा विषय होय.

हा भेद समाजशास्त्रात अगदीच अपरिचित आहे असे नाही. आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातील महुवा या गावाच्या अभ्यासात असे दाखविले की, निवासाने विभक्त असलेली कुटुंबे मालमत्तेने व परस्पर कर्तव्यांनी एकत्र असू शकतात. के. एम. कापडिया यांना नवसारी शहरात सभोवतालच्या खेड्यांपेक्षा एकत्र कुटुंबांचे प्रमाण कमी आढळले नाही. पुढे १९७३ मध्ये ए. एम. शहा यांनी 'घर' आणि 'कुटुंब' या दोन संज्ञा काटेकोरपणे वेगळ्या केल्या. परंतु हे अभ्यास मुख्यत्वे गुजरातेतील आहेत. वऱ्हाडची जमीनव्यवस्था व वऱ्हाडातील शहरांची घडण यांचा इतिहास निराळा असल्यामुळे तेथील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली आले. शेजारच्या नागपूर प्रांतात मालगुजारी पद्धत होती. वऱ्हाडात मात्र मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली आणि सरकारचा संबंध थेट खातेदाराशी जोडला गेला. खात्यावर सामान्यतः एकाच कर्त्या पुरुषाचे, बहुधा वडील भावाचे, नाव लागे. त्याच्यामागे किती भाऊ, किती विधवा व किती मुले आहेत याची दखल दप्तराने घेण्याचे कारण नव्हते. अशा रीतीने जमिनीच्या कागदावरील एकत्रपणा आणि घरातील एकत्रपणा यांच्यात आरंभापासूनच अंतर राहिले.

भुसावळहून निघालेला लोहमार्ग अकोला व बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. तत्पूर्वी अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) वऱ्हाडच्या कापसास अपूर्व मागणी आली होती. १८८६ मध्ये कारंज्यास नियंत्रित बाजार सुरू झाला व १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. अकोला व अमरावती ही या व्यापाराची केंद्रे बनली. सरकी काढण्याचे व गठाणी बांधण्याचे कारखाने हंगामी होते. दसरा-दिवाळीनंतर ते सुरू होत आणि उन्हाळ्याच्या सुमारास थंडावत. खेड्यातून येणारा मजूर हंगामापुरता येई, कुटुंब मागे ठेवी व पेरणीला परत जाई. शहरात त्याचे फार तर बिऱ्हाड असे. घर गावीच असे. 'बिऱ्हाड' या शब्दातील तात्पुरतेपणाची छटा या स्थितीशी जुळणारी आहे.

दुसरी लाट शिक्षणाची होती. अमरावतीस १९२३ मध्ये किंग एडवर्ड महाविद्यालय स्थापन झाले आणि पंजाबराव देशमुखांनी उभारलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेमुळे १९३० नंतरच्या काळात शेतकरी कुटुंबांतील मुलांना शहरातील शाळांचा मार्ग खुला झाला. या लाटेचे वैशिष्ट्य असे की, शहरात जाणाऱ्या मुलाचा खर्च सामाईक शेतीने सोसला. एका भावाने शिकावे म्हणून दुसऱ्याने नांगर धरला. ही देणेघेणे कोठेही लिहिलेली नसते, पण पुढे वाटणीच्या वेळी ती तोंडी हिशेबात अवश्य येते. स्थलांतराने या कुटुंबांत एकत्रपणा नुसता तोडला नाही, तर भावाभावांवर एक नवे ऋणही चढविले.

येथे भूतकाळाविषयीच्या एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. पूर्वी सर्वत्र मोठी खटली होती आणि आता ती फुटली, असे गृहीत धरले जाते. हेन्री ओरेन्स्टाइन यांनी १९६१ मध्ये भारतीय जनगणनांच्या आधारे दाखविले की, कुटुंबाच्या सरासरी आकारात अपेक्षिलेली घट दिसत नाही. ही सरासरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही पाचाच्या आसपासच होती. वऱ्हाडने तर १८९९–१९०० चा भीषण दुष्काळ व १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ सोसली. त्या साथीत सर्वाधिक बळी ऐन उमेदीच्या वयातील माणसांचे गेले. तीन भाऊ एकत्र नांदण्यासाठी तिघेही जिवंत असावे लागतात. म्हणून दोन पिढ्यांतील घरांची नुसती डोकी मोजून स्थलांतराचा परिणाम ठरविता येत नाही.

उदाहरणादाखल अंजनगावकडील एक कुटुंब कल्पावे. पंधरा एकर जमीन, तीन भाऊ व एक विवाहित बहीण. वडिलांच्या मृत्यूनंतर सातबाऱ्यावर थोरल्याचे नाव लागले व त्यापुढे 'ए. कु. मॅ.', म्हणजे 'एकत्र कुटुंब मॅनेजर', ही अक्षरे पडली. मधला १९७८ मध्ये अमरावतीस शिक्षक झाला. त्याची पत्नी चार वर्षे गावीच राहिली. १९८१ च्या जनगणनेत तो शहरातील एकट्या माणसाचे घर म्हणून मोजला गेला असेल आणि पत्नी गावच्या घरात. १९८२ मध्ये ती अमरावतीस आली व चूल वेगळी झाली. परंतु ज्वारी व तुरीची डाळ दरवर्षी गावाहून येतच राहिली आणि थोरल्याचा मुलगा शिक्षणासाठी पाच वर्षे काकाकडे राहिला. धाकटा १९९० मध्ये अकोल्यास अडतीच्या दुकानात मुनीम म्हणून गेला. १९९८ मध्ये पुतणीच्या लग्नाच्या खर्चावरून बोलाचाली झाली आणि धान्य येणे थांबले. २००३ मध्ये मधल्याच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या स्वतंत्रपणे बसल्या. सातबारा मात्र २०१० पर्यंत जसाच्या तसा होता.

या कुटुंबात विभाजन केव्हा झाले? जनगणनेला ते पहिल्याच दशकात दिसते, कारण तिची व्याख्या एकत्र राहणे व एका स्वयंपाकघरात जेवणे यांवर उभी आहे. तलाठ्याच्या दप्तराला ते बत्तीस वर्षांनंतरही दिसत नाही. कुटुंबातील माणसे या दोहोंच्या मधले वर्ष सांगतात, आणि तेही प्रत्येकजण वेगळे. थोरला कदाचित धान्य थांबल्याचे साल सांगेल, त्याची पत्नी महालक्ष्म्या वेगळ्या बसल्याचे. यांपैकी एकही उत्तर चूक नाही. चूक होते ती यांतील एकच उत्तर निवडून त्यास 'विभक्त कुटुंब' असे नाव देण्यात.

म्हणून प्रस्तावित अभ्यासाचा आरंभ घरापासून न करता खात्यापासून करावा. लोहमार्गालगतची दोन व त्यापासून दूरची दोन अशी चार गावे निवडून प्रत्येकातील पंचवीस खाती घ्यावीत. प्रत्येक खात्याच्या फेरफार नोंदी व वारस नोंदी क्रमाने उतरवून त्यांतील प्रत्येक हिस्सेदाराचा आजचा पत्ता शोधावा आणि गावातील व शहरातील घरी स्वतंत्रपणे तेच प्रश्न विचारावेत. 'तुम्ही एकत्र की विभक्त?' हा प्रश्न टाळावा. त्याचे उत्तर प्रतिष्ठेप्रमाणे अथवा शिधापत्रिकेच्या सोयीप्रमाणे मिळते. त्याऐवजी शेवटचे धान्य कोणत्या साली आले, शेवटच्या लग्नाचा खर्च कोणी केला, महालक्ष्म्या कोणाकडे बसतात, हे विचारावे. महालक्ष्म्यांचा कुळाचार नसलेल्या घरी कुलदैवताच्या पूजेविषयी विचारावे. चुलीविषयीचे प्रश्न स्त्रियांना पुरुषांच्या अनुपस्थितीत विचारावेत. चूल कोणत्या दिवशी वेगळी झाली हे ती मांडणारीस जितके नेमके ठाऊक असते तितके इतरांस नसते.

या पद्धतीत तीन धोके संभवतात. पहिला असा की, ज्यांनी जमीन विकून गाव सोडले त्यांची खाती आज अस्तित्वातच नाहीत. केवळ चालू खाती घेतल्यास टिकून राहिलेलीच कुटुंबे हाती येतील व एकत्रपणा फुगलेला दिसेल. विक्रीच्या फेरफारांवरून अशी बुडालेली खाती ओळखता येतात; त्यांचाही नमुना घेतला पाहिजे. दुसरा धोका याच्या उलट आहे. महाराष्ट्राचा कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ चा. त्याची मर्यादा पुढे १९७५ मध्ये आणखी खाली आणली गेली. त्या काळातील मोठ्या खात्यांच्या वाटण्या पुष्कळदा कागदापुरत्याच असू शकतात. वाटणी झाली पण चूल व बैलजोडी एकच राहिली, तर ती वाटणी त्या दृष्टीने तपासावी. तिसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. भूमिहीन मजुरांच्या कुटुंबांस सातबारा नाही. त्यांच्यासाठी घराची जागा, ग्रामपंचायतीच्या दप्तरातील घराची नोंद आणि सामाईक उचल व कर्ज यांचा माग काढावा लागेल आणि त्यांचे निष्कर्ष खातेदारांच्या निष्कर्षांत मिसळता येणार नाहीत.

विभाजनाच्या तारखेचा हा प्रश्न केवळ व्याख्येचा नाही. वेगळे राहणे वा वेगळे जेवणे एवढ्याने वाटणी सिद्ध होत नाही, हे हिंदू कायद्यातील जुने तत्त्व आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये मुलींना सहदायादाचा हक्क दिला. केंद्राच्या दुरुस्तीने २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्या अबाधित ठेवल्या, परंतु वाटणी म्हणजे नोंदणीकृत लेख किंवा न्यायालयाचा हुकूमनामा, असेही स्पष्ट केले. तोंडी वाटणीचा पुरावा केवळ अपवादात्मक परिस्थितीत, सार्वजनिक दस्तऐवजांच्या आधाराने ग्राह्य धरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. उपरोक्त कुटुंबातील भाऊ जेव्हा 'आम्ही केव्हाच वेगळे झालो' असे म्हणतात, तेव्हा ते चुलीविषयी बोलत असतात. बहिणीचा हिस्सा मात्र वावराच्या तारखेवर अवलंबून असतो. हक्कसोडपत्रावर सही मागितली जाते ती नेमकी या दोन तारखांमधील अंतरात.

स्थलांतराने वऱ्हाडातील एकत्र कुटुंब मोडले की नाही, याचे एका शब्दात उत्तर या अभ्यासातून मिळणार नाही. छप्पर व वावर यांच्या तुटण्यात किती वर्षांचे अंतर पडले, ते अंतर लोहमार्गाजवळच्या व दूरच्या गावांत सारखेच आहे काय, आणि त्या मधल्या काळात धान्य, पैसा व मुले कोणत्या दिशेने गेली, एवढे जरी शंभर खात्यांपुरते निश्चित झाले, तरी 'मोडते' या क्रियापदाला काहीएक मोजता येण्याजोगा अर्थ प्राप्त होईल.