कॉफी हराम की हलाल?

इस्लामी कायद्याचा विषय निघाला की आपल्याला दोनच शब्द आठवतात, हलाल आणि हराम. म्हणजे एक किंवा शून्य. पण तिथल्या कायदेपंडितांनी, म्हणजे फकीहांनी, माणसाच्या प्रत्येक कृतीसाठी पाच खाने केले होते. केलं तर पुण्य आणि टाळलं तर पाप, ते 'वाजिब' (उदा. रोजची नमाज). केलं तर पुण्य, पण राहिलं तर पाप नाही, ते 'मंदूब'. केलं काय, न केलं काय, हिशेब शून्य, ते 'मुबाह'. टाळलेलं बरं, पण केल्यास पाप नाही, ते 'मकरूह'. आणि केलं तर पाप, ते 'हराम'. हनफी पंथाने यातही उपविभाग पाडले, पण मूळ सांगाडा हाच.

गंमत म्हणजे आपला 'वाजवी' या 'वाजिब'वरूनच आला आणि 'मुभा' हा 'मुबाह'वरून. मुभा म्हणजे नेमका मधला खाना!

आता खरा प्रश्न. नवीन गोष्ट आली, जिचा ग्रंथात उल्लेखच नाही, तर ती कुठल्या खान्यात टाकायची? याचं झकास उदाहरण म्हणजे कॉफी. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रीच्या जपाला जागं राहण्यासाठी ती पीत असत. तिथून ती मक्केत पोचली. 1511 साली मक्केतला मामलुकांचा अधिकारी खैर बेग याला रात्री मशिदीजवळ काही लोक कंदिलाच्या उजेडात काहीतरी पिताना दिसले. तो जवळ येताच त्यांनी कंदील विझवले. झालं, संशय आला! दुसऱ्या दिवशी त्याने फकीहांची सभा बोलावली.

फकीहांनी प्रश्नाचे दोन तुकडे केले. पहिला, कॉफीच्या बैठका. दारूच्या मैफिलीसारखा पेला फिरवणं, गाणं-बजावणं वगैरे चालत असेल तर ते गैरच, यावर एकमत झालं. दुसरा, खुद्द कॉफी. इथे त्यांचा नियम असा होता की कुठलीही वस्तू मुळात मुबाह. ती हराम आहे असं म्हणणाऱ्याने पुरावा द्यायचा.

पुराव्याचे रस्ते दोन. एक म्हणजे 'कियास', तुलनेने काढलेला निष्कर्ष. दारू हराम आहे, कारण ती नशा आणते. तेच कारण कॉफीत सापडलं तर कॉफीही हराम. पण नुसतं साम्य चालत नाही, कारण जुळावं लागतं. 'कहवा' हा अरबीत दारूसाठीही जुना शब्द होता आणि पेलाही तसाच फिरायचा, पण नशेचं काय? सभेत एकाने ठासून सांगितलं, कॉफी दारूसारखीच चढते. लगेच विचारणा झाली, तुला कसं माहीत, दारू प्यायला आहेस का? तो हो म्हणाला आणि दारू पिण्याची शिक्षा भोगून बसला!

दुसरा रस्ता म्हणजे शरीराला अपाय. हा प्रश्न फकीहांचा नव्हे, हकिमांचा. खैर बेगने दोन हकीम आणले. त्यांनी कॉफी 'थंड आणि कोरडी', म्हणून अपायकारक, असं सांगितलं. त्या जोरावर बंदी झाली आणि मक्केच्या रस्त्यांवर कॉफी जाळली गेली. पण निवाडा कैरोला गेला तेव्हा सुलतानाकडून आलेल्या हुकुमात रोख गैर बैठकांवर होता, पेयावर सरसकट बंदी नव्हती. सगळा निवाडा हकिमांच्या साक्षीवर उभा होता, आणि ती साक्ष दुसरे हकीम खोडू शकत होते.

पुढे 1530च्या दशकात कैरोत पुन्हा दंगा झाला, तेव्हा इब्न इलियास नावाच्या हनफी काझीने सरळ टेस्टिंग केलं. घरी कॉफी करून लोकांना पाजली, त्यांच्याशी बराच वेळ गप्पा मारल्या. कोणी बरळलं नाही. निकाल: कॉफीला परवानगी. (या हकिकती आपल्याला अल-जझीरीने 1558च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथातून कळतात. तो स्वतः कॉफीच्या बाजूचा होता, हे ध्यानात ठेवून वाचावं.)

बरं, मुबाह ठरलं म्हणून विषय संपत नाही. साधनाला साध्याचा दर्जा मिळतो, असंही तत्त्व आहे. रात्रीच्या उपासनेसाठी जागं राहायला प्यायली तर तोच पेला मंदूबकडे सरकतो. एखाद्या रोग्याला ती खात्रीने बाधत असेल तर त्याच्यापुरती हराम. म्हणजे लेबल वस्तूला नाही, तर कृतीला: कोण, कशासाठी, कुठल्या स्थितीत.

हाच पेच आपल्या कोकणातही दिसतो. हनफी मताप्रमाणे समुद्रातला फक्त मासा चालतो, त्यामुळे कोळंबी मासा आहे का यावर त्यांच्यात वाद. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, आणि त्या पंथात समुद्रातले जवळपास सगळेच जीव चालतात, त्यामुळे कोळंबीचा प्रश्नच येत नाही. हनफींचं भांडणही नियमावर नाही, कोळंबी नेमकी काय आहे यावर आहे. कॉफीचंही तेच झालं होतं. दारू हराम, हे दोन्ही बाजूंना मान्यच होतं. अडलं होतं ते पेल्यात काय आहे यावर.