तळं, परिच्छेद आणि एक ओळ

२० मार्चसाठी वस्तीच्या वाचनालयात महाडवर टिपण लावायचं होतं. पाळी सुटल्यावर बसून मी दोन पानी सारांश लिहिला. पोरं म्हणाली, एवढं कोण वाचतंय, परिच्छेद कर. केला. मग फळ्यासाठी एकच ओळ मागितली. तीही दिली. नंतर तिन्ही कागद शेजारी ठेवले, तेव्हा मी काय काय कापलं ते दिसलं.

दोन पानांत सगळी साखळी होती. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कौन्सिलात सीताराम केशव बोल्यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळ्याबद्दल तसाच ठराव केला. पण कागद कागदावरच राहिला. रामचंद्र मोरे, अनंतराव चित्रे यांनी राबून परिषद भरवली. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांसोबत माणसं तळ्यावर गेली, पाणी प्याली. मग वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली आणि परिषदेच्या लोकांवर लाठ्या पडल्या. ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात कोर्टाचा मनाई हुकूम आला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ ला.

परिच्छेद करताना पहिली नावं गेली. मोरे, चित्रे यांच्या जागी ‘कार्यकर्ते’ आले. मग कारण गेलं. १९२३ चा ठराव आणि आवई, दोन्ही उडाले. उरलं ते असं: परिषद भरली, पाणी प्याले, हल्ला झाला, पुढे कोर्टात जिंकले. यात खोटं काही नाही. पण हक्क आधीच कागदावर होता आणि भांडण तो वापरण्याचं होतं, हे वाचणाऱ्याला कळायचं नाही.

शेवटी ओळ झाली ती अशी: ‘२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले.’ इथे माणसं गेली, लाठ्या गेल्या, दहा वर्षं गेली. आणि ती रिकामी जागा भरायला मी ‘खुले केले’ हे क्रियापद घातलं, जे दोन पानांत कुठेच नव्हतं. ठरावाने तळं आधीच खुलं होतं. आणि त्या दिवसानंतर ते पुन्हा बंद झालं. म्हणजे आतापर्यंत मी नुसतं गाळत होतो, इथे चुकीचं लिहिलं.

ही चूक धरायची कशी? ओळीतलं क्रियापद घ्या आणि मोठ्या सारांशात शोधा. तिथे सापडलं नाही तर ते कापणाऱ्याचं आहे, घटनेचं नाही.

मी फळा पुसला आणि परत लिहिलं: ‘ठरावाने आधीच खुल्या असलेल्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ ला आपली माणसे बाबासाहेबांसोबत प्याली, मार खाल्ला, आणि तो हक्क कोर्टात मिळायला १९३७ उजाडले.’

ओळ लांब झाली. फळ्यावर तीन रांगा लागल्या. लागू द्या.