‘इतर संबंधित कारणांसाठी’ म्हणजे नेमके कशासाठी?

मोबाइलवर नवे ॲप उतरवून घेताना ‘मला मान्य आहे’ या चौकोनावर बोट ठेवण्यास क्षणभरही लागत नाही. त्या चौकोनामागे असलेले गोपनीयता धोरण वाचण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. मोठ्या कंपन्यांकडे असे धोरण लिहिण्यासाठी वकिलांची फौज असते. दोन-तीन तरुणांनी मिळून तयार केलेल्या छोट्या ॲपचे धोरण मात्र बहुतेकदा इंटरनेटवरील एखाद्या नमुन्यावरून उतरवलेले असते. असा मसुदा तपासण्याची वेळ आली तर नेमके काय पाहावे, हे एका उदाहरणावरून समजून घेता येईल.

उदाहरण काल्पनिक आहे. समजा, औषधे घेण्याची वेळ सांगणारे एक ॲप आहे. वृद्ध आई-वडिलांची औषधे, त्यांच्या वेळा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचे छायाचित्र त्यात साठवता येते. गोळी चुकली तर मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाइलवर संदेश जातो. या ॲपच्या धोरणाच्या मसुद्यात पुढील पाच वाक्ये आहेत:

१) आम्ही आपली आवश्यक ती माहिती गोळा करू शकतो.
२) ही माहिती सेवा सुधारण्यासाठी व इतर संबंधित कारणांसाठी वापरली जाईल.
३) आम्ही आपली माहिती विकत नाही, मात्र विश्वासू भागीदारांना ती देऊ शकतो.
४) गरज असेपर्यंत माहिती सुरक्षित ठेवली जाईल.
५) ॲपचा वापर म्हणजेच या धोरणास संमती होय.

वरकरणी यात आक्षेपार्ह काही दिसत नाही, आणि नेमकी तीच अडचण आहे. ही वाक्ये कोणत्याही परिस्थितीत खोटी ठरू शकत नाहीत. कंपनीने औषधांची यादी जाहिरातदाराच्या हाती दिली तरी तो ‘विश्वासू भागीदार’ होता असे म्हणता येते. दहा वर्षे माहिती जपून ठेवली तरी ‘गरज होती’ असे सांगता येते. जे वाक्य कधीच खोटे ठरू शकत नाही, ते वापरकर्त्याला कोणतेच वचन देत नाही. मसुदा तपासण्याची पहिली आणि सर्वांत उपयुक्त कसोटी हीच आहे: हे वाक्य खोटे ठरण्यासाठी काय घडावे लागेल? उत्तर सापडले नाही, तर ते वाक्य परत पाठवावे.

आधी ॲप, मग धोरण

धोरण वाचण्यापूर्वी ॲप प्रत्यक्षात कोणती माहिती घेते, याची स्वतंत्र यादी करावी. आपल्या उदाहरणात नाव, मोबाइल क्रमांक, औषधांची नावे, वेळा, चिठ्ठीचे छायाचित्र आणि नातेवाइकाचा क्रमांक एवढे पडद्यावर दिसते. न दिसणारा भाग मात्र वेगळा असतो. छोट्या ॲपमध्ये बिघाडाची नोंद ठेवणारे, वापर मोजणारे आणि जाहिराती दाखवणारे इतर कंपन्यांचे तयार सॉफ्टवेअर जोडलेले असते. ते स्वतःच्या परवानग्याही सोबत घेऊन येते. म्हणून अँड्रॉइड ॲप तपासताना केवळ तरुणांनी स्वतः लिहिलेली परवानग्यांची यादी पाहून भागत नाही. अँड्रॉइड स्टुडिओत Merged Manifest या नावाखाली दिसणारी एकत्रित यादी मागून घ्यावी.

समजा, त्या यादीत पुढील दोन ओळी सापडल्या:

```
android.permission.READ_CONTACTS
com.google.android.gms.permission.AD_ID
```

पहिली ओळ फोनमधील सर्व संपर्क वाचण्याची परवानगी मागते. वास्तविक एका नातेवाइकाचा क्रमांक निवडण्यासाठी ती लागत नाही. अँड्रॉइडच्या संपर्क-निवडीच्या सोयीतून वापरकर्ता एकच क्रमांक देऊ शकतो. दुसरी ओळ जाहिरातींसाठी वापरला जाणारा ओळख-क्रमांक वाचू देते. मसुद्यात जाहिरातींचा शब्दही नाही. म्हणजे येथे धोरणातील भाषा सुधारण्यापूर्वी ॲपच सुधारावे लागेल. अनावश्यक परवानगी काढून टाकणे हे तिचे समर्थन लिहिण्यापेक्षा केव्हाही सोपे असते.

‘विकत नाही’ या शब्दांमागे

तिसरे वाक्य सर्वांत जपून वाचावे. माहिती पैसे घेऊन विकली नाही तरी ती बाहेर जाऊ शकते. अमेरिकेतील फेडरल ट्रेड कमिशनने ‘फ्लो’ या मासिक पाळी व गर्भधारणेची नोंद ठेवणाऱ्या ॲपविरुद्ध केलेली कारवाई या दृष्टीने बोलकी आहे. आरोग्याची माहिती खासगी राहील, असे आश्वासन या ॲपने दिले होते. प्रत्यक्षात वापर मोजण्यासाठी जोडलेल्या सॉफ्टवेअरमार्फत ती फेसबुक, गुगल आदी कंपन्यांकडे जात होती, असा आयोगाचा आरोप होता. त्या नोंदींची नावेच सर्व काही सांगत होती. गर्भधारणेचा आठवडा निवडला की R_PREGNANCY_WEEK_CHOSEN या नावाची नोंद बाहेर जात असे. २०२१ मध्ये कंपनीने दोष मान्य न करता आयोगाशी तडजोड केली.

आपल्या औषधांच्या ॲपलाही हाच धडा लागू पडतो. एखाद्या नोंदीला ‘इन्शुलिन जोडले’ असे नाव दिले, तर मोजणी करणाऱ्या कंपनीला त्या फोनच्या मालकाच्या घरात मधुमेहाचा रुग्ण असल्याचे कळून चुकते. म्हणून धोरण तपासणाऱ्याने या नोंदींच्या नावांची यादीही मागावी आणि ‘औषध जोडले’ एवढ्यावर ती थांबते का, हे पाहावे.

वाक्य दुरुस्त कसे करावे?

दुरुस्त वाक्यात चार गोष्टी असाव्यात: कोणती माहिती, कोणत्या कामासाठी, कोणाकडे जाते आणि केव्हा पुसली जाते. दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या वाक्याऐवजी पुढीलप्रमाणे लिहिता येईल:

‘औषधांची नावे व वेळा आम्ही आपल्याला आठवण देण्यासाठी वापरतो. फोन बदलल्यास यादी परत मिळावी म्हणून तिची प्रत आमच्या सर्व्हरवर राहते. ही यादी आम्ही जाहिरातदारांना देत नाही. नातेवाइकाचा क्रमांक संदेश पाठवणाऱ्या कंपनीकडे केवळ संदेशापुरता जातो. आपण खाते बंद केल्यापासून तीस दिवसांत ही माहिती पुसली जाते.’

येथे त्या संदेश कंपनीचे नावही लिहावे. तीस दिवस हा आकडा केवळ उदाहरणादाखल आहे. ॲप चालवणाऱ्यांना तो खरोखर पाळता येईल का आणि एखादा कायदा काही नोंदी अधिक काळ ठेवण्यास सांगतो का, हे विचारूनच तो ठरवावा. हे वाक्य खोटे ठरू शकते. एकतिसाव्या दिवशी यादी सर्व्हरवर सापडली, तर कंपनीने शब्द मोडला हे सिद्ध होते. म्हणूनच ते वाक्य उपयोगाचे आहे.

जे लिहिलेच नाही ते शोधणे

संदिग्ध वाक्य निदान डोळ्यांसमोर असते. गायब असलेला हक्क शोधावा लागतो. त्यासाठी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ हाताशी ठेवावा. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ॲपचालकांना लागू होणाऱ्या बहुतेक तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत असून ती मे २०२७ मध्ये संपते. तोपर्यंत माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांचा आधार आहे. त्यांत वैद्यकीय नोंदी ‘संवेदनशील’ मानल्या असून तक्रार अधिकाऱ्याचे नाव व संपर्क प्रसिद्ध करणे आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढणे बंधनकारक आहे. आज लिहिला जाणारा मसुदा मात्र नव्या कायद्याच्या कसोटीवर तपासणे शहाणपणाचे ठरेल.

नव्या कायद्यानुसार आपली कोणती माहिती आहे व ती कोणाकोणाला दिली, हे विचारता येते. ती दुरुस्त करून घेता येते किंवा पुसून टाकण्यास सांगता येते. दिलेली संमती मागे घेता येते. तक्रार करता येते, आणि त्यातून समाधान न झाल्यास माहिती संरक्षण मंडळाकडे जाता येते. आपला मृत्यू झाल्यास हे हक्क कोणी वापरावेत, यासाठी व्यक्ती नेमता येते. हा शेवटचा हक्क विसरला जाण्याची शक्यता अधिक. वृद्धांच्या औषधांच्या ॲपमध्ये मात्र त्याचीच गरज पडू शकते.

आपल्या मसुद्यातील पाच वाक्यांत यांपैकी एकही हक्क नाही. तो नुसता नावाने लिहूनही पुरत नाही. ‘आपल्याला माहिती पुसण्याचा हक्क आहे’ या वाक्यापुढे कोणते बटण दाबायचे, कोणत्या पत्त्यावर लिहायचे आणि किती दिवसांत उत्तर मिळेल, हे यायला हवे. संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सुलभ असावे, असे कायदा सांगतो. एका स्पर्शाने दिलेली संमती परत घेण्यासाठी टपालाने पत्र धाडायला सांगता येणार नाही. ॲप फोनमधून काढून टाकले म्हणजे सर्व्हरवरील माहितीही गेली, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. ही गोष्टही धोरणात स्पष्ट लिहावी. खाते उघडू देणाऱ्या ॲपने ते पुसण्याची सोय ॲपमध्येच द्यावी, अशी ॲपलची व गुगल प्लेचीही अट आहे.

पाचवे वाक्य तर सरळ खोडूनच टाकावे. कायद्याला संमती स्पष्ट कृतीतून व ठरावीक कामापुरती दिलेली हवी असते. नुसत्या वापरातून ती गृहीत धरता येत नाही. शिवाय संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. त्या भाषांत मराठीही आहे. युरोपीय नमुन्यावरून उतरवलेल्या मसुद्यात ‘कंपनीचे न्याय्य हितसंबंध’ असा आधार आढळतो. भारतीय कायद्यात तसा सर्वसाधारण आधार नाही. हे शब्द दिसले, की मसुदा कोठून आला हे ओळखावे.

तपासणीची मर्यादा

मसुदा निर्दोष झाला तरी सर्व्हरवर काय घडते, हे कागदावरून कळत नाही. गुगल प्लेवरील ‘डेटा सेफ्टी’ची माहितीही ॲपचालकाने स्वतःच भरलेली असते. ती धोरणाशी जुळते का, एवढे मात्र कोणालाही ताडून पाहता येते. आयफोनमधील ‘ॲप प्रायव्हसी रिपोर्ट’ चालू केल्यास ॲपने कोणकोणत्या संकेतस्थळांशी संपर्क साधला, तेही दिसते. तेथे जाहिरात कंपनीचे नाव आढळले आणि धोरणात ते नसेल, तर प्रश्न विचारण्यास तेवढे पुरेसे आहे.

एक व्यक्ती मात्र या साऱ्या तपासणीतही निसटू शकते. जिचा मोबाइल क्रमांक आईने ॲपमध्ये भरला, त्या मुलीने ॲप कधी उघडलेलेही नसते आणि तिने कोणत्याही चौकोनावर बोट ठेवलेले नसते. तिला पहिला संदेश पाठवतानाच तिचा क्रमांक कोणी व कशासाठी दिला, हे सांगावे आणि नकार देण्याची सोय ठेवावी. तपासलेल्या मसुद्यात तिच्यासाठी एक परिच्छेद आहे का, हे शेवटी अवश्य पाहावे.