ताटातूट कथाबंध, हिंदी चित्रपटांतील

बालपणी एकमेकांपासून दुरावलेली भावंडे मोठेपणी एकमेकांना न ओळखता समोरासमोर येतात व अखेरीस एखाद्या खुणेवरून त्यांची ओळख पटते, अशा स्वरूपाचा हिंदी चित्रपटांतील एक रूढ कथाबंध. १९४३ ते १९८५ या काळात त्याचा मोठा प्रसार झाला व १९७० ते १९८० या दशकात तो लोकप्रियतेच्या शिखरावर होता. ‘कुंभमेळ्यात हरवलेले भाऊ’ हा वाक्प्रयोग त्यावरूनच बोलीत रुळला. तथापि या कथाबंधाच्या प्रमुख चित्रपटांत ताटातुटीचे कारण सहसा मेळा हे नसून भूकंप, खून वा दारिद्र्य हे असते.

कथाबंधाची रचना सामान्यतः चार टप्प्यांची असते. प्रथम एखाद्या आपत्तीमुळे सुखी कुटुंब विखुरते. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक भावंड वेगळ्या परिस्थितीत वाढते : एक श्रीमंताच्या घरी, एक गरीब आईजवळ, तर एक गुन्हेगारांच्या संगतीत. तिसऱ्या टप्प्यात ती नकळत एकत्र येतात. कधी मित्र म्हणून, कधी प्रतिस्पर्धी म्हणून, तर कधी कायद्याच्या दोन बाजूंना. चौथ्या टप्प्यात खूण पटून पुनर्भेट होते व आपत्तीस कारणीभूत झालेल्या दुष्टास शासन होते. हे सर्व प्रेक्षकास आरंभीच्या प्रसंगांमुळे ठाऊक असते, पात्रांना मात्र नसते. कथानकाची ओढ पुढे काय घडेल यात नसून ते पात्रांना केव्हा कळेल यात असते. आरंभीचा बालपणाचा भाग वगळल्यास या चित्रपटांतील पुढील योगायोग निरर्थक ठरतील.

ओळखीच्या खुणेची कल्पना भारतीय वाङ्मयात प्राचीन आहे. कालिदासाच्या *अभिज्ञानशाकुंतल* या नाटकाच्या नावातील ‘अभिज्ञान’ या शब्दाचा अर्थच ओळखीची खूण असा असून तेथे ते काम अंगठी करते. महाभारतात कर्ण व पांडव हे भाऊ असूनही शत्रुपक्षांत उभे राहतात आणि हे नाते कर्णाच्या मृत्यूनंतरच पांडवांना कळते. चित्रपटांनी हाच प्रश्न उचलला, पण शेवट बदलला. त्यांच्यातील कर्णास सत्य वेळेवर कळते व तो बहुधा घरी परततो.

हिंदी चित्रपटांत या कथाबंधाचे पहिले मोठे यश बॉम्बे टॉकीजच्या *किस्मत* (१९४३) या ज्ञान मुखर्जी दिग्दर्शित चित्रपटाने मिळविले. त्यातील शेखर (अशोक कुमार) हा सराईत चोर एका धनाढ्य गृहस्थाचा लहानपणी घर सोडून गेलेला मुलगा असल्याचे अखेरीस उघड होते. कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात हा चित्रपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला. चोर झालेला मुलगा मुळात सद्गृहस्थाचा आहे, हे त्याच्या यशाचे एक कारण होते : नायकास गुन्हेगार दाखवूनही त्याची कुलीनता शाबूत राहिली.

कथाबंधास त्याचे परिपूर्ण रूप मात्र *वक्त* (१९६५) या चित्रपटाने दिले. निर्माते बी. आर. चोप्रा, दिग्दर्शक यश चोप्रा व कथालेखक अख्तर मिर्झा होते. यातील लाला केदारनाथ (बलराज साहनी) या यशस्वी व्यापाऱ्याच्या तीनही मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी असतो. माणूस आपले नशीब स्वतः घडवतो, असा त्याचा अभिमान. आणि त्याच रात्री भूकंप होऊन त्याचे दुकान, घर व कुटुंब उद्ध्वस्त होते. थोरला राजू अनाथाश्रमात जातो व तेथील छळामुळे पळून चोर बनतो. मधल्यास एक सधन दांपत्य वाढवते व तो रवी नावाचा वकील होतो. धाकटा विजय आईबरोबर गरिबीत वाढून शिकतो, पण पुढे त्यास मोटारचालकाची नोकरी पत्करावी लागते. मुलाच्या शोधात निघालेला केदारनाथ अनाथाश्रमाच्या व्यवस्थापकाचा खून करून दीर्घकाळ तुरुंगात राहतो.

पुढे राजा (राज कुमार) व रवी (सुनील दत्त) हे एकाच तरुणीवर प्रेम करू लागतात. प्रतिस्पर्ध्यास नाहीसे करण्याच्या हेतूने राजा रवीच्या घरी शिरतो, तेव्हा तेथील बालपणीचे छायाचित्र पाहून हा आपला भाऊ आहे हे त्यास उमगते व तो परत फिरतो. येथे खूण केवळ पुनर्भेटीचे साधन न राहता बंधुहत्या टाळणारी ठरते. ओळख पटूनही राजा ती सांगत नाही, कारण आपण चोर आहोत हे त्यास ठाऊक आहे. त्यामुळे कथेचा तणाव ओळखीनंतरही टिकतो. शेवटी राजावर खुनाचा खोटा आळ येतो, त्याचा बचाव रवी करतो आणि पैशाची निकड असलेला विजय (शशी कपूर) विरुद्ध बाजूचा साक्षीदार होतो. अशा रीतीने तिन्ही भाऊ न्यायालयात एकत्र येतात. न्यायालय ही केवळ सोयीची जागा नाही. प्रत्येकास आपण कोण हे शपथेवर सांगावे लागते असे ते एकमेव सार्वजनिक ठिकाण आहे.

*वक्त* मधील भूकंप हे १९४७ च्या फाळणीचे रूपक आहे, असे अनेक समीक्षकांनी मानले आहे. त्यास आधार आहे. चोप्रा बंधू पंजाबातून आले होते आणि बी. आर. चोप्रा फाळणीमुळे लाहोर सोडून मुंबईस आले. फाळणीत एक कोटीहून अधिक लोक स्थलांतरित झाले व असंख्य कुटुंबांची ताटातूट झाली. एका रात्रीत नाहीसे झालेले दुकान व घर हे प्रेक्षकांपैकी अनेकांचे अनुभव होते. मनमोहन देसाई (१९३७–९४) यांचा पहिला चित्रपट *छलिया* (१९६०) हाही फाळणीत कुटुंबापासून दुरावलेल्या स्त्रीविषयी होता, ही गोष्ट येथे लक्षणीय आहे.

तथापि या उपपत्तीस मर्यादा आहेत. *किस्मत* फाळणीच्या चार वर्षे आधी प्रदर्शित झाला होता, म्हणजे कथाबंध फाळणीमुळे जन्मला असे म्हणता येत नाही. फाळणीने त्यास नवा प्रेक्षक व नवी वेदना दिली, असे म्हणणे अधिक रास्त होय. शिवाय भूकंपास अपराधी नसतो. फाळणीची कथा सरळ सांगायची तर कोणी कोणास मारले हे सांगावे लागले असते. नैसर्गिक आपत्तीची कथा तो प्रश्न टाळून केवळ दुःख उचलते. हे या रूपकाचे बळही आहे व उणेपणही.

१९७० नंतर आपत्तीचे स्वरूप बदलले व निसर्गाची जागा गुन्हेगाराने घेतली. विजय आनंद दिग्दर्शित *जॉनी मेरा नाम* (१९७०) या चित्रपटात पित्याच्या हत्येमुळे दोन भावांची ताटातूट होते व बालपणीच्या मुष्टियुद्धाच्या सवयीवरून त्यांची ओळख पटते. नासिर हुसेन यांच्या *यादों की बारात* (१९७३) या चित्रपटाची कथा सलीम–जावेद यांची. त्यात आईने शिकविलेले गीत ही तीन भावांची खूण आहे. हॉटेलात गाणाऱ्या धाकट्या भावाने ते गायिल्यावर मधला त्यात सूर मिळवतो व दोघांची भेट होते. त्याच सभागृहात असलेला थोरला शंकर (धर्मेंद्र) मात्र आपल्या गुन्हेगारी जीवनामुळे गप्प राहतो. खूण वस्तू नसून गीत असल्याने ती हरवत नाही, चोरीस जात नाही आणि चित्रपटातील गाण्याच्या अनिवार्यतेलाही कथेचे कारण मिळते.

मनमोहन देसाई यांचा *अमर अकबर अँथनी* (१९७७) हा या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध चित्रपट. १५ ऑगस्ट रोजी तीन मुले बोरीवलीच्या उद्यानात गांधीजींच्या पुतळ्यापाशी सोडली जातात. त्यांस अनुक्रमे हिंदू पोलीस अधिकारी, मुस्लिम शिंपी व ख्रिस्ती धर्मगुरू वाढवतात. पुढे अपघातात सापडलेल्या, दृष्टी गमावलेल्या आईस तिघे एकाच वेळी रक्त देतात. तिघांचे रक्त एकत्र होऊन तिच्या शरीरात जाते. वैद्यकीय दृष्ट्या ही पद्धत अशक्य आहे, पण प्रसंगाचा हेतू वैद्यकीय नाही. चौघांनाही परस्परांचे नाते ठाऊक नसताना केवळ प्रेक्षकास ते ठाऊक असते, आणि त्याच वेळी पडद्यावर चित्रपटाचे शीर्षक उमटते. *वक्त* मध्ये भाऊ वर्गाने वेगळे झाले होते, येथे ते धर्माने वेगळे होतात. आणि मूळ कुटुंब हिंदू आहे, हेही विसरता येत नाही. भिन्नधर्मीयांचे बंधुत्व दाखविताना ते रक्ताच्या नात्यावर उभे करणे, म्हणजे परक्यास परका राहू देऊन बंधू न मानणे होय, असा आक्षेप घेता येतो. त्याच वर्षी देसाईंचे *धरमवीर*, *चाचा भतीजा* व *परवरिश* हे चित्रपटही प्रदर्शित झाले. त्यांतही रक्ताचे नाते व संगोपन यांचीच उलथापालथ आहे.

कथाबंधाच्या प्रसारास व्यावसायिक कारणही होते. दोन-तीन नायक एकाच चित्रपटात घ्यावयाचे तर प्रत्येकास स्वतंत्र कथा, नायिका व गाणी द्यावी लागतात. दुरावलेल्या भावांची कथा हे आपोआपच पुरवते. भाऊ बहुतेक वेळ निरनिराळ्या घरांत असल्याने त्या नटांचे एकत्रित चित्रण थोड्याच प्रसंगांपुरते करणे शक्य होते. हरवलेली बहीण मात्र या कथांत क्वचितच येते. नकळत भाऊ-बहिणीत प्रेम जडण्याचा धोका असल्याने लेखक तो मार्ग टाळत. *सीता और गीता* (१९७२) सारख्या जुळ्या बहिणींच्या कथेत हा अडसर नसतो.

१९८५ नंतर हा कथाबंध क्षीण झाला व विनोदाचा विषय बनला. वास्तवात मात्र अशी पुनर्भेट अधिक अवघड असते. फाळणीत ताटातूट झालेले दोन भाऊ जानेवारी २०२२ मध्ये कर्तारपूर येथे ७४ वर्षांनी भेटले. एक भारतात, एक पाकिस्तानात राहत होता. त्यांचा शोध लागला तो ताईत वा गीतामुळे नव्हे, तर आंतरजालावरील एका चित्रफितीमुळे. चित्रपटातील भाऊ शेवटी एका घरात राहावयास जातात. हे दोघे भेटीनंतर आपापल्या देशांत परतले.