पुसलं म्हणजे नक्की काय पुसलं?



लेकीने दिवाळीत एक बोलका स्पीकर भेट दिला, हे मागे लिहिलंच होतं. हाक मारली की तो गाणी लावतो, पावसाचा अंदाज सांगतो. पंधरा दिवसांपूर्वी नातू आला आणि सहज म्हणाला, "आजोबा, याने तुमचं काय काय साठवलंय ते बघायचं का?" त्याने मोबाईलवर यादी उघडली. तारीख, वेळ आणि प्रत्येक नोंदीपुढे ऐकण्याचं बटण. बहुतेक नोंदी आमच्या नेहमीच्याच फर्माइशी होत्या. पण मध्येच एक नोंद अशी निघाली, की तिच्यात आम्ही दोघं एका नातेवाइकाला पैसे उसने द्यावेत की नाही यावर बोलत होतो. दहा-बारा सेकंदांचंच बोलणं, पण नाव स्पष्ट ऐकू येत होतं. त्या यंत्राला आम्ही हाक मारलेलीच नव्हती!

नातवाने बटण दाबलं आणि म्हणाला, "गेलं." माझं मात्र समाधान होईना. गेलं म्हणजे कुठून गेलं? शिक्षकी पेशाची खोड, दुसरं काय. मग वाचत बसलो. तेव्हा लक्षात आलं की ही यादी आणि हे बटण आपल्या हाती येण्यालाही एक इतिहास आहे. तोच आज सांगतो.

आधी हे होतं कसं, ते थोडक्यात. हे यंत्र सतत ऐकत असतं, पण सगळं पाठवत नसतं. गेल्या काही सेकंदांचा आवाज ते स्वतःपाशी धरून ठेवतं आणि त्यात आपल्या नावाची हाक आहे का तेवढं तपासतं. हाक आली असं वाटलं, की पुढचं बोलणं कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जातं. गोची आहे ती "वाटलं" या शब्दात. जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या आणि माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी 2020 मध्ये या यंत्रांसमोर टीव्ही मालिका आणि बातम्या लावून ठेवल्या, आणि यंत्रं चुकून जागी होतील असे हजाराहून जास्त शब्द नि शब्दसमूह गोळा केले. इंग्रजीतल्या "इलेक्शन" शब्दाने अलेक्सा जागी होत होती, तर "ओके कूल" म्हटलं की गूगलचं यंत्र. यंत्र फार चिकित्सक केलं तर खऱ्या हाकेलाही ते ओ देणार नाही, म्हणून ते थोडं उतावीळच ठेवलेलं असतं. चुकून जागं होणं हा त्या उतावीळपणाचा भाग.

आता इतिहासाकडे वळू. पहिला प्रसंग ऑक्टोबर 2017 चा. गूगलने 4 ऑक्टोबरला अमेरिकेत होम मिनी नावाचा छोटा स्पीकर जाहीर केला आणि कार्यक्रमाला आलेल्या पत्रकारांना एकेक नग दिला. अँड्रॉइड पोलीस या संकेतस्थळाच्या संस्थापकाने तो घरी नेऊन लावला. दोनेक दिवसांनी त्याला दिसलं की हा गडी न बोलावताच दिवे लावतो आणि विझवतो. त्याने गूगलच्या आपल्या खात्यातली "माय अॅक्टिव्हिटी" ही यादी उघडली, तर तिथे हजारो नोंदी! घरातल्या बारीकसारीक आवाजांची ध्वनिमुद्रणं दिवसरात्र जमा होत होती.

कारण निघालं ते अगदी साधं. हाक न मारता वरच्या बाजूला बोट दाबून धरूनही ते यंत्र जागं करता येत असे. काही नगांमध्ये वरचा पृष्ठभाग सदोष होता, आणि कुणी हात न लावताही यंत्राला बोट लागल्यासारखं वाटे. गूगलने 7 ऑक्टोबरला ती सोय बंद करायला सुरुवात केली, त्या मार्गाने जमा झालेली ध्वनिमुद्रणं पुसली, आणि दोन-चार दिवसांत ती सोय कायमचीच काढून टाकली.

या प्रसंगातला मला महत्त्वाचा वाटलेला मुद्दा असा, की चूक दिसली ती यादीमुळे. दिवे लुकलुकले म्हणून शंका आली, पण पुरावा यादीत होता. यादीच नसती तर ही ध्वनिमुद्रणं जमा होतच राहिली असती आणि त्याला पत्ताही लागला नसता.

दुसरा प्रसंग 2019 चा. यादी आपल्याला दिसते हे कळलं होतं, पण ती आणखी कुणाला ऐकू येते हा प्रश्न फारसा कुणी विचारला नव्हता. त्या एप्रिलमध्ये ब्लूमबर्गने बातमी दिली की अॅमेझॉनसाठी हजारो माणसं ही ध्वनिमुद्रणं ऐकून लिहून काढतात. यंत्राची समज सुधारावी म्हणून हे काम चाले, आणि ते चालणाऱ्या ठिकाणांत बॉस्टन, कोस्टा रिका, रुमानिया यांच्याबरोबर आपला भारतही होता. ऐकणाऱ्यांपैकी एकाने सांगितलं, की हाक न मारता झालेली ध्वनिमुद्रणंही दिवसाला शंभरापर्यंत लिहून काढावी लागतात.

मग 10 जुलैला बेल्जियमच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने, व्हीआरटीने, त्यावर कळस चढवला. गूगलसाठी ऐकण्याचं काम करणाऱ्या एका माणसाने त्यांना हजाराहून जास्त ध्वनिमुद्रणं दिली होती. त्यांतली 153 अशी होती की जी व्हायलाच नको होती, कारण हाक स्पष्ट मारलेलीच नव्हती. घरातली भांडणं, कामाचे फोन, पलंगावरच्या गप्पा, सगळं त्यात होतं. ध्वनिमुद्रणांवर नावं नव्हती, पण बोलण्यात पत्ते येत होते. बातमीदार त्या पत्त्यांवर गेले. वास्मुन्स्टर गावातल्या एका जोडप्याला ध्वनिमुद्रण ऐकवलं, तर त्यांनी आपल्या मुलाचा आणि नातवंडाचा आवाज लगेच ओळखला.

हे वाचताना मी थांबलो. नाव काढून टाकलं की माणूस ओळखू येत नाही असं कंपनीला वाटलं असेल, पण आजीआजोबांना नातवंडाचा आवाज ओळखायला नाव कशाला लागतं?

गूगलने खुलासा केला की सुमारे 0.2 टक्केच ध्वनिमुद्रणं माणसं ऐकतात. पण जर्मनीत हांबुर्गच्या माहिती-संरक्षण आयुक्तांनी चौकशी सुरू केल्यावर युरोपात हे ऐकणं थांबवावं लागलं. अॅपलच्या सिरीबद्दल गार्डियनने तशीच बातमी दिली. अॅपलनेही काम थांबवलं आणि ऑगस्टअखेर माफी मागितली. अॅमेझॉनने माणसांचं ऐकणं नाकारण्याची सोय दिली, आणि सप्टेंबरपासून तीन किंवा अठरा महिन्यांनी ध्वनिमुद्रण आपोआप पुसण्याचीही. गूगलने त्याच महिन्यात सांगितलं की आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय आवाज साठवला जाणार नाही. म्हणजे आज जी बटणं आपल्याला दिसतात, त्यांतली बरीचशी त्या एका वर्षातली आहेत.

आता माझा मूळ प्रश्न. पुसलं म्हणजे नक्की काय पुसलं?

हाच प्रश्न अमेरिकेतले सिनेटर ख्रिस कून्स यांनी 2019 मध्ये अॅमेझॉनला पत्राने विचारला. 28 जूनच्या उत्तरात कंपनीने लिहिलं, की ग्राहक पुसत नाही तोवर ध्वनिमुद्रण आणि त्याचा लिखित मजकूर राहतो. ग्राहकाने पुसल्यावर मजकूर मुख्य साठ्यांतून जातो, पण इतर साठ्यांत तो राहू नये यासाठी काम अजून चालू आहे. शिवाय गजर लावला किंवा काही मागवलं, तर त्या व्यवहाराची नोंद राहतेच. हे वाचून मला आमचा वर्ग आठवला. तास संपल्यावर मी फळा पुसत असे, पण मुलांनी वहीत उतरवून घेतलेलं कुठे पुसलं जायचं?

या प्रश्नावर सरकारी मोहोर उठली ती 31 मे 2023 ला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आणि न्याय खात्याने अॅमेझॉनवर लहान मुलांच्या आवाजांबद्दल आरोप ठेवले. त्यातला एक नेमका हाच होता: पालकांनी पुसायला सांगूनही लिखित मजकूर सगळ्या साठ्यांतून पुसला गेला नव्हता. कंपनीने आरोप मान्य केले नाहीत, पण अडीच कोटी डॉलर दंड भरायचं कबूल करून प्रकरण मिटवलं. मूळ प्रश्नापासून इथवर यायला चार वर्षं गेली.

पुढचाही एक टप्पा आहे. आवाज घराबाहेर न पाठवता यंत्रातच समजून घ्यायचा, अशी एक सोय अमेरिकेतल्या काही एको यंत्रांवर होती. अॅमेझॉनने ती 28 मार्च 2025 पासून बंद केली. साठवूच नका असं मात्र सांगता येतं. मग आवाज जातो, काम होतं आणि ध्वनिमुद्रण ठेवलं जात नाही.

आणि इथेच एक पेच आहे. साठवलं नाही तर यादीत ऐकायला काही उरत नाही, आणि यंत्र चुकून कितीदा जागं झालं हे त्या यादीवरूनच कळतं. होम मिनीची चूक सापडली ती नोंदी राहिल्या होत्या म्हणून.

मी आमच्यापुरता मार्ग काढला तो असा. साठवण तीन महिन्यांवर आणली. महिन्यातून एकदा यादी उघडतो आणि ज्या नोंदींपुढे आपली फर्माईश दिसत नाही, नुसतंच "समजलं नाही" किंवा "आवाज यंत्रासाठी नव्हता" अशा अर्थाचं काही असतं, त्याच ऐकतो. चुकीच्या हाका बहुधा तिथेच असतात. नोंदीची वेळ पाहतो, म्हणजे तेव्हा टीव्ही चालू होता की आमच्या गप्पा, ते आठवतं. आमच्या अकरा चुकांपैकी आठ संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळच्या निघाल्या. स्पीकर टीव्हीपासून उचलून स्वयंपाकघरात नेला, तेव्हापासून एकच झाली आहे. माणसांनी ऐकण्याची परवानगी काढून घेतली, तीही नोंदी पुसण्याआधी. कारण आधी कुणी ऐकून लिहून ठेवलं असेल तर त्या वहीवर माझा हात चालत नाही.

राहिली ती पैशांच्या बोलण्याची नोंद. ती यादीतून गेली आहे एवढंच मी खात्रीने सांगू शकतो. ज्या नातेवाइकाचं नाव त्यात होतं तो हे वाचेलच, म्हणून सांगून टाकतो: बाबा रे, आमचं ठरलंय, पैसे घेऊन जा. मात्र बोलायला स्वयंपाकघरात नको, अंगणात बसू.

असो.